पट्टीच्या मागचा काळेपणा

दार उघडताच काकू म्हणाल्या, "वर्षभरात दोनदा टबचं सिलिकॉन भरून घेतलं. हे तिसरं." बाथटब आणि टाइल यांच्या सांध्यातली पांढरी सिलिकॉनची पट्टी लांबच्या लांब काळ्या डागांनी भरली होती. दर आठवड्याला त्या ब्लीच लावून घासत होत्या, तरी डाग हलत नव्हते.

मी कापसाची वात ब्लीचमध्ये भिजवून डागावर अर्धा तास ठेवली. वरवरची बुरशी असती तर डाग फिका पडला असता, पण इथे काहीच फरक पडला नाही. म्हणजे काळेपणा पट्टीच्या आत किंवा मागे होता, आणि तिथवर ब्रश पोचणं शक्यच नव्हतं.

कटरने एक टोक सोडवून ओढलं तर पट्टी रिबिनीसारखी सरसर निघून आली. खाली दुसरी पट्टी होती, जुनी, पूर्ण काळी आणि ओलसर. आधीच्या माणसाने जुन्यावरच नवं सिलिकॉन फिरवलं होतं. वाळलेल्या सिलिकॉनला काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. मग दोन थरांमध्ये पाणी शिरतं, ते वाळत नाही, आणि साबणाच्या मळावर बुरशी निवांत वाढते.

पण पाणी शिरायला वाट कुठून मिळाली? मी सांध्यावर बोट ठेवलं आणि काकूंच्या नातवाला म्हटलं, "बाळा, टबमध्ये उभा राहा." तो चढला तशी टबची कड खाली दबली आणि बोटाखाली फट उघडली. खरं दुखणं हेच होतं. दोन्ही वेळा सिलिकॉन रिकाम्या टबावर भरलेलं होतं. कोणी आंघोळीला बसलं की पट्टी ताणली जायची आणि कडेने सुटायची.

काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा. टाइलच्या बाजूने कटर सपाट धरून एक काप, टबच्या बाजूने दुसरा, मग मधला भाग ओढून काढायचा. टब अ‍ॅक्रिलिकचा होता, म्हणून तिथे लोखंडी पात्याऐवजी प्लास्टिकची खरवडणी वापरली, नाहीतर कायमचे ओरखडे पडतात. उरलेल्या पातळ थरावर सिलिकॉन काढायचं जेल लावलं, डब्यावर लिहिलेला वेळ थांबलो, खरवडलं, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. टाइल साफ झाली की नाही हे पाण्याने कळतं: पाणी शिंपडल्यावर ते पसरलं तर टाइल स्वच्छ, थेंब थेंब होऊन राहिलं तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे. दोन जागी थेंब राहिले. तिथे पुन्हा जेल लावलं.

फटीत पातळ केलेलं ब्लीच लावून पंधरा मिनिटांनी धुतलं. काकू कौतुकाने व्हिनेगरची बाटली घेऊन आल्या. मी घाईने ती बाजूला ठेवायला सांगितली, कारण ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो घातक ठरतो.

"आजच भरून टाक ना," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. भिंतीच्या आत मुरलेला ओलावा वर सिलिकॉन आलं की अडकून बसतो. फटीकडे पंखा लावून रात्रभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी टिश्यू पेपरची घडी फटीत खुपसून पाहिली. ती कोरडी निघाली तेव्हाच ट्यूब उघडली.

सगळ्यात आधी टब पाण्याने भरला, म्हणजे वजनाने कड जेवढी खाली जायची तेवढी आधीच गेली. फट खोल होती, म्हणून आत फोमची दोरी दाबून बसवली. सिलिकॉन दोन्ही कडांना चिकटलं पाहिजे, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर ते मोकळेपणी ताणत नाही आणि लवकर फाटतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन घेतलं (मुदत संपलेली ट्यूब धड वाळतच नाही, ती तारीख मी दर वेळी पाहतो), एका दमात सलग भरलं, एकदाच बोटाने ओढून सारखं केलं आणि ओलं असतानाच टेप काढली.

पाणी तसंच ठेवून चोवीस तास कोणी टब वापरायचा नाही, असं सांगितलं. हेही सांगितलं की बुरशीरोधक औषध हळूहळू धुऊन जातं, म्हणून आंघोळीनंतर पट्टी पुसायची आणि एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी बूच काढलं. पाणी उतरत गेलं तशी कड किंचित वर आली आणि पट्टी ताणायऐवजी दबली. नातू पुन्हा टबमध्ये उभा राहिला. मी सांध्यावर बोट ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवलं. फट कुठेच उघडत नव्हती.