सॉर्टेड ओळींचं मॅट्रिक्स, सगळ्यात जास्त १ कुठल्या ओळीत – या आठवड्याचा अपडेट

बायनरी सर्चवालं व्हर्जन मागच्या वेळी झालं होतं, n ओळी आणि m कॉलम धरून n log m वालं. आता log पण काढून टाकला, n+m मध्ये बसतंय. ओळीत आधी सगळे ० आणि मग सगळे १, एवढीच अट. सुरुवात वरच्या उजव्या कोपऱ्यातून करायची, १ दिसला की डावीकडे, ० दिसला की खाली, आणि डावीकडे सरकताना ती ओळ best म्हणून लिहून ठेवायची.

```
r, c, best = 0, m-1, -1
while r < n and c >= 0:
    if a[r][c] == 1:
        best, c = r, c-1
    else:
        r += 1
```

हे घ्या, कागदावर चालवून बघा (ओळी आणि कॉलम ० पासून मोजतोय):

```
0 0 0 0 1 1
0 0 0 0 0 1
0 0 1 1 1 1
0 0 0 1 1 1
```

पहिल्या ओळीत १, १ आणि मग कॉलम ३ ला ०, म्हणून खाली. आता गंमत बघा, ओळ १ मध्ये आपण शेवटचा १ बघतच नाही, थेट कॉलम ३ ला उतरतो, तिथे ० आहे म्हणजे तिच्या डावीकडे सगळे ० च असणार, तर या ओळीत जास्तीत जास्त दोनच १, आणि दोन तर आपल्याकडे आधीच आहेत, मग ती मोजायची कशाला! ओळ २ मध्ये परत दोन पावलं डावीकडे, ओळ ३ ला एका नजरेत रजा. २४ पैकी ८ सेल बघितले, best = 2, आणि एकूण १ किती ते m-1-c = 4, वेगळं मोजावं लागत नाही. c कधी मागे फिरत नाही, r पण नाही, म्हणून जास्तीत जास्त n+m-1 सेल, इथे ९.

बरोबरी झाली तर वरचीच ओळ राहते. खालची हवी असेल तर r = n-1 पासून r -= 1 करत वर चढा आणि while मध्ये r ची अट r >= 0 करा, बाकी काही बदलायचं नाही. सगळे ० असतील तर -1 येतं, ते वेगळं हाताळा. आणि एखादी ओळ सॉर्टेड नसेल तर एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर येतं, त्यामुळे टेस्ट करताना साध्या बेरजेवाल्या कोडशी ताडून बघाच.

वेळ मोजायच्या भानगडीत पडू नका, इनपुट वाचण्यातच n×m जातात आणि फरक दिसतच नाही, त्यापेक्षा किती सेल बघितले त्याचा काउंटर ठेवा.

पण दरवेळी हेच भारी असं नाही हं. ४ ओळी आणि १० लाख कॉलम असतील तर हे १० लाखांच्या वर जाऊ शकतं, बायनरी सर्च ८० च्या आसपास संपवतं. तिथे मी दोन्ही मिसळतोय: आधी a[r][c] बघायचा, ० असेल तर ओळ सोडायची, १ असेल तरच ० ते c मध्ये बायनरी सर्च. पुढचा अपडेट त्याचाच.