दीक्षाभूमीच्या पुस्तिकेचा निळा

दसरा जवळ आला की आमच्या छापखान्यात सायन, म्हणजे आकाशी निळ्या, शाईचे डबे सगळ्यांत आधी संपतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांच्यासाठी पुस्तिका, कॅलेंडरं आणि पत्रकं छापून घ्यायला नागपूरभरची मंडळं येतात आणि जवळजवळ प्रत्येक कामात निळा असतो. मी प्रीप्रेसला बसते. फाईल तपासणं, रंग वेगळे करणं आणि प्लेट काढायला पाठवणं ही माझी कामं. छपाईत सर्वांत जास्त दगा देणारा रंग हाच निळा आहे आणि लोकांचा जीव नेमका याच रंगात अडकलेला असतो.

इंदोऱ्याकडच्या एका वाचनालय मंडळाचा तरुण पुस्तिकेचं मुखपृष्ठ घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातात दुसरीकडून काढलेली डिजिटल प्रिंट होती. मोबाईलवर तेच चित्र उघडून त्याने प्रिंटशेजारी धरलं. पडद्यावर पहाटेचं झगझगीत निळं आकाश, निळे झेंडे आणि पांढऱ्या कपड्यांत चालणारी माणसं. कागदावर आकाश जांभळं झालं होतं आणि झेंडे वांग्याच्या रंगाचे.

"ताई, हा आपला निळा नाही जी. त्यांची मशीनच खराब असंल ना?"

चित्र एआयकडून करून घेतलं होतं. बाबासाहेबांचा चेहरा यंत्राकडून काढून घ्यायचा नाही, हे मंडळाने आधीच ठरवलं होतं. म्हणून चित्रात फक्त आकाश, झेंडे आणि माणसं होती. मला तो निर्णय फार आवडला. पण त्यामुळे मुखपृष्ठाचा सगळा भार निळ्यावरच आला होता.

मशीन खराब नव्हती. मी फाईल फोटोशॉपमध्ये उघडली आणि Shift+Ctrl+Y दाबलं. छपाईच्या शाईत न बसणारे रंग या कमांडने करडे दिसतात. आकाशाचा वरचा अर्धा भाग, सगळे झेंडे आणि माणसांच्या खांद्यांवरची निळी झळाळी करडी पडली. नुसतं Ctrl+Y दाबून छापल्यावर साधारण काय दिसेल ते पाहिलं, तर पडद्यावरचं आकाशही त्याच्या हातातल्या प्रिंटसारखं जांभळट झालं. तो गप्प झाला. कागद हातात घ्यायच्या आधीच हे कळू शकतं, याची त्याला कल्पना नव्हती.

मग त्याला मशीनवर नेलं. छापून पडलेल्या एका तावाच्या कडेला रंगपट्टी असते. तिच्यात शंभर टक्के सायनवर शंभर टक्के मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, चढवलेला एक चौकोन असतो. मशीनमन काकांनी त्यावर बोट ठेवलं. तो चौकोन गडद, जांभळ्याकडे झुकलेला निळा दिसतो. मी त्याला सांगितलं की या दोन शाईंनाच मिळून निळा तयार करायचा असतो, तिसरी निळी शाई मशीनवर नसते.

असं का होतं, हे त्याला नीट समजून घ्यायचं होतं. पडद्यात निळ्या प्रकाशाचा स्वतंत्र दिवा असतो आणि तो थेट डोळ्यात येतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही. खोलीतला जो प्रकाश त्याच्यावर पडतो त्यातला काही शाई खाते आणि उरलेला परत येतो. सायन शाईने फक्त लाल प्रकाश खायला हवा आणि मॅजेंटाने फक्त हिरवा, म्हणजे निळा पूर्ण शिल्लक राहील. खऱ्या शाई इतक्या शुद्ध नसतात. मॅजेंटा बराचसा निळा प्रकाशही खाते, सायनही थोडा खाते. दोन्ही एकमेकींवर चढल्या की ज्या निळ्यासाठी हा खटाटोप त्याचाच मोठा भाग कागदावर जिरतो. म्हणून छापलेला निळा गडद आणि मंद होतो.

जांभळेपणाचं कारण मात्र आणखी वेगळं आहे. फाईल छपाईसाठी बदलताना सॉफ्टवेअर रंग आधी लॅब नावाच्या मोजपट्टीवर नेतं. तिथे रंगाची जात शक्यतो तीच ठेवून त्याचा जोर शाईला झेपेल इतका कमी करतं. बाकी बऱ्याच रंगांना हे चालून जातं. निळ्याच्या भागात ही मोजपट्टी आपल्या डोळ्याशी जुळत नाही. तिच्या हिशेबाने जात कायम असते, पण जोर कमी होता होता डोळ्याला तो रंग जांभळ्याकडे सरकलेला दिसतो. कुठल्या कागदावर कुठली शाई कशी दिसेल याचा हिशेब प्रोफाइलमध्ये असतो. फोटोशॉपमधल्या U.S. Web Coated (SWOP) v2 या प्रोफाइलने पडद्यावरचा शुद्ध निळा, म्हणजे लाल 0, हिरवा 0, निळा 255, बदलला की साधारण सायन 88 आणि मॅजेंटा 77 मिळतो. दोघांत जेमतेम 11 चं अंतर. आमच्या धंद्यात निळ्यासाठी एक साधा नियम आहे: मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 ने कमी ठेवायचा. हे अंतर घटलं की कागदावर जांभळा दिसणारच.

"मग मी प्रॉम्प्टमध्ये CMYK लिहिलं होतं, त्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

त्याचा प्रॉम्प्ट मी पाहिला. त्यात vibrant electric blue, glowing, cinematic lighting असे शब्द होते आणि शेवटी CMYK print ready. चित्र काढणारी साधनं सहसा पडद्याचीच फाईल देतात, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांची. CMYK म्हणजे छपाईच्या चार शाई: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पण प्रॉम्प्टमध्ये तसं लिहिल्याने फाईलच्या वाहिन्या चार होत नाहीत. तो शब्द मॉडेलला फक्त एका प्रकारच्या चित्रांची आठवण देतो. कधी कधी त्यामुळे चित्रातच छपाईचे ठिपके किंवा कोपऱ्यात रंगांच्या पट्ट्या उगवतात. आणि आधीचे glowing, electric हे शब्द तर सरळ सरळ दिव्याचे आहेत. त्यांनी मॉडेलला पडद्याच्या टोकाच्या निळ्यापर्यंत नेलं होतं.

मी त्याला उलटं करायला सांगितलं: रंग आधी कागदावर निवडायचा, मग पडद्याकडे जायचं. आमच्याकडे आर्ट कागदावर छापलेलं शेडकार्ड असतं, प्रत्येक चौकोनाखाली शाईंची टक्केवारी लिहिलेली. त्याच्या बॅगेत कापडी झेंडा होता. आम्ही दोघं दाराशी दिवसाच्या उजेडात गेलो, कारण ट्यूबलाइटखाली निळा फसवतो. त्याने झेंडा एकेका चौकोनावर ठेवून पाहिला. सायन 100, मॅजेंटा 80 त्याने लगेच नाकारला. सायन 100, मॅजेंटा 50 आकाशी वाटला. सायन 100, मॅजेंटा 70 वर तो थांबला. "हा. हाच." कापडापेक्षा तो किंचित मंद होता, पण जात तीच होती. पडद्यावर हा रंग साधारण #0058A8 च्या आसपास येतो.

त्यानंतर आम्ही नवा प्रॉम्प्ट लिहिला:

```
flat gouache illustration, people in white clothes walking
at early morning, blue flags, soft overcast daylight,
matte opaque paint on cream paper, limited palette:
deep cobalt blue #0058A8, indigo, off-white, warm grey, ochre,
gentle contrast, plain sky at top for title
```

यातला प्रत्येक शब्द दिव्यापासून लांब आणि रंगाच्या पदार्थाजवळ नेणारा आहे. गुआश हा अपारदर्शक, मॅट रंग असतो. गुआशची चित्रं मुळात कागदावरची, त्यामुळे मॉडेल त्या वळणाने गेलं तर रंग आपोआप शाईच्या आवाक्यात येतात. ढगाळ उजेड सांगितल्याने खांद्यांवरची झळाळी गेली. क्रीम कागद सांगितल्याने चित्रातला सर्वांत उजळ भागही मऊ झाला. no neon असं मी मुद्दाम लिहू दिलं नाही. पुष्कळ मॉडेलं नकार नीट समजत नाहीत आणि neon शब्द दिसला की तोच रंग आणतात. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे लिहावं, नसेल तर जे हवं तेच सांगावं.

हेक्स कोडबद्दल त्याचा मोठा विश्वास होता, तो मला कमी करावा लागला. मॉडेल तो आकडा मोजून रंग भरत नाही, अंदाजाने जवळ जातं. आलेल्या चित्रात झेंडे जवळपास बरोबर होते, पण क्षितिजापाशी एक निळा पट्टा पुन्हा जांभळटच होता. करडी खूण आता फक्त झेंड्यांच्या कडांवर दिसत होती. ती मी तशीच सोडली, तेवढं डोळ्याला कळतही नाही. फाईल बदलताना मी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक निवडलं, म्हणजे शाईत बसणारे रंग जागचे हलत नाहीत. मग सिलेक्टिव्ह कलरमध्ये फक्त निळ्यांतून मॅजेंटा काढत गेले. आयड्रॉपर झेंड्यावर ठेवला तेव्हा सायन 98, मॅजेंटा 66 दिसलं. पट्टाही निवळला.

त्याला आणखी एक पर्याय हवा होता. खास निळ्या शाईची पाचवी प्लेट लावता येते का? येते. रिफ्लेक्स ब्लू लावली तर चार शाईंतून कधीच न मिळणारा निळा मिळतो. पण आमचं मशीन चार रंगी, म्हणजे ताव दुसऱ्यांदा मशीनवर घालावा लागतो. खर्च वाढतो. शिवाय रिफ्लेक्स ब्लू फार सावकाश वाळते, घाईच्या कामात वर पडणाऱ्या तावाच्या पाठीला लागते. स्टॉलवर स्वस्तात विकायच्या पुस्तिकेला मी ते सुचवलं नाही. नुसतं एका रंगात मंडळाचं बोधचिन्ह असतं तर नक्की सुचवलं असतं.

तेच चित्र आत पहिल्या पानावरही घ्यायचं होतं. आतला कागद मॅपलिथो. त्यावर लेप नसतो, शाई आत शोषली जाते, आणि मुखपृष्ठावरचा तोच 100-70 तिथे मातकट दिसतो. त्या कागदाचं प्रोफाइल लावून मी त्याला पडद्यावर दाखवलं. त्याने स्वतःच आतलं चित्र काळ्या एका शाईत घ्यायचं ठरवलं.

मुखपृष्ठ आर्ट कार्डवर मशीनवर चढलं. पहिल्या तावांवर शाई थोडी जास्त पडली होती. काकांनी शाई कमीजास्त करणाऱ्या मॅजेंटाच्या चाव्या आकाशाच्या पट्ट्यात किंचित कमी केल्या आणि ताव दाराशी आणून दिला. त्याने झेंडा काढून शेजारी धरला आणि तावावर सही केली. सही करण्याआधी मी त्याला सांगून ठेवलं होतं की ओली शाई चमकते, वाळल्यावर हाच निळा थोडा खाली बसेल, आणि मॅट लॅमिनेशन केलं तर अजून थोडा मऊ होईल. त्याने मॅट ऐवजी ग्लॉस सांगितलं. लॅमिनेशनच्या जास्तीच्या पैशांसाठी त्याने मंडळाच्या खजिनदारांना दारातूनच फोन लावला.