हँडल फिरवून फोन खरंच किती चार्ज होतो?

12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची बत्ती गुल झाली. तेव्हापासून घरात हाताने फिरवायचा चार्जर असावा असं डोक्यात होतं. शेवटी एक मागवला: टॉर्च, एफएम रेडिओ, दुमडणारं हँडल आणि आत छोटी बॅटरी. खोक्यावर ‘आणीबाणीत मोबाइल चार्ज करा’ असं ठळक छापलेलं, पण किती मिनिटं फिरवल्यावर किती टक्के, याबद्दल अवाक्षर नाही.

म्हटलं, आपणच मोजू. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून यूएसबी मीटर आणला. वायरच्या मध्ये लावला की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. मुलगी मोबाइलवर वेळ लावून बसली. एका हाताने डबा टेबलावर दाबून धरायचा, दुसऱ्याने हँडल फिरवायचं, सेकंदाला साधारण दोन फेरे. फोन करंट घेऊ लागला की हँडल एकदम जड होतं. हलकं फिरत असेल तर फोनला काहीच पोचत नाहीये असं समजा. वेग जरा मंदावला की व्होल्टेज पडतं आणि चार्जिंगचं चिन्ह जातं; पुन्हा वाढवला की स्क्रीन उजळते आणि मिळालेल्यातलंच थोडं खाते.

“बाबा, परत गेलं!” हे बरेचदा ऐकलं.

हात बसल्यावर मीटरवर 4.9 व्होल्ट आणि 0.37 अँपिअरच्या आसपास आकडे स्थिरावले. म्हणजे जेमतेम 1.8 वॉट. पाच मिनिटांत 0.15 वॉट-तास. माझ्या फोनची बॅटरी 5000 एमएएच, म्हणजे सुमारे 19 वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरली तर पाच मिनिटांत एक टक्कासुद्धा होत नाही. एका टक्क्याला सात-आठ मिनिटं लागतात, तीही फोन बंद असेल तर. फोन चालू ठेवून नेटवर्क शोधत बसला तर त्यातलं बरंच तिथेच जातं. आधी आतली बॅटरी भरून तिच्यावरून फोन लावला तर गळती दोनदा होते. शून्यापासून शंभरपर्यंत न्यायचं तर बारा-तेरा तास दंड मोडावे लागतील. बायकोने एवढंच विचारलं, “अहो, यापेक्षा पॉवर बँक भरून ठेवली तर?”

तिचं बरोबर आहे. दहा हजार एमएएचची भरलेली पॉवर बँक हा फोन एकदा पुरता भरते, वर थोडं उरतं. पण पॉवर बँकही रिकामी झाली, तर पंधरा-वीस मिनिटं हँडल मारून दोन-तीन टक्के होतात. तेवढ्यात फोन सुरू करून ‘आम्ही ठीक आहोत’ असा एसएमएस पाठवायचा, एखादा छोटा कॉल करायचा आणि पुन्हा बंद ठेवायचा. व्हॉट्सअॅपच्या नादी लागायचं नाही.

हा डबा खरा कामाचा आहे तो टॉर्चसाठी. त्याचा छोटा एलईडी 0.1 वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे मिनिटभर फिरवलं की दहा-पंधरा मिनिटं उजेड मिळतो. आता तो जिन्याजवळच्या खुंटीला टांगलाय. पॉवर बँक मात्र दर महिन्याला भरतो.