न चाललेल्या वाटेचा शोक

आज डोक्यात एकच विषय घोळतोय. आईवडिलांचं मन मोडायचं नाही म्हणून एखादा पेशा पत्करायचा, त्यात जमही बसवायचा, आणि चाळिशीच्या आसपास कधीतरी न घेतलेल्या वाटेच्या आठवणीने गळा दाटून यायचा. या दुःखाची पहिली अडचण म्हणजे ते कुणाच्या हिशेबातच नसतं. कुणी गेलेलं नाही, नोकरी शाबूत आहे, पगारही बरा आहे. "तुला कमी काय आहे?" असं विचारल्यावर माणूस गप्प बसतो आणि पुढे स्वतःलाही तेच विचारायला लागतो. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाची मान्यता न मिळणाऱ्या शोकाची जी मांडणी केली, तिच्यात हे दुःख चपखल बसतं. असा शोक उघडपणे करता येत नाही. म्हणून तो चिडचिडीतून बाहेर पडतो, नाहीतर दुसऱ्या कुणाला ते काम करताना पाहिलं की पोटात पडणाऱ्या खड्ड्यातून.

समजा, एकेचाळीस वर्षांची एक लेखापरीक्षक आहे. तिला नृत्य करायचं होतं. "माझं आयुष्य वाया गेलं" या वाक्याशी झटापट करून काहीच हाती लागत नाही, कारण ते फार मोठं आहे. त्याचे तुकडे करायला हवेत. विशीत रंगमंचावर उभं राहणं गेलं, आणि ते शरीराच्या वयाशी बांधलेलं असल्यामुळे कायमचं गेलं. त्याचा शोकच करावा लागतो, तिथे "अजूनही वेळ गेलेली नाही" हे सांत्वन खोटं असतं. तालावर शरीर हलवण्याचा आनंद मात्र गेलेला नाही, फक्त बंद पडलाय. आणि डोळ्यांसमोर येणारं भरलेलं सभागृह? ते कधी तिचं नव्हतंच. त्या चित्रात दुखावलेला गुडघा नाही, नाकारलेली निवड नाही, महिनाअखेरची ओढाताण नाही. मन नेहमी हातातल्या नोकरीचा रटाळ मंगळवार आणि कल्पनेतल्या नृत्याचा सर्वोत्तम दिवस शेजारी ठेवतं. हा सामना नोकरी कशी जिंकणार?

या तीन तुकड्यांखाली आणखी एक असतो आणि बहुतेक वेळा तोच जास्त दुखतो: निवडण्याची संधी. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीच्या जडणघडणीचा अभ्यास मांडला. पर्याय चाचपून न पाहताच घरच्यांनी आखलेली वाट आपली मानणं, ही त्यातली एक अवस्था. अशा माणसाला नृत्यात अपयशही आलेलं नसतं. निकाल लागलेला नसल्यामुळे खटला चालूच राहतो. केलेल्या चुकांपेक्षा न केलेल्या गोष्टींची हुरहुर दीर्घकाळ का टिकते, याचं एक कारण माझ्या मते हेच.

हे तुकडे लिहून वेगळे केलेले बरे. जेम्स पेनबेकर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांपासून चालत आलेली पद्धत साधी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायचं. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन आणखी जड होतं. ते अपेक्षितच असतं, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नये. बिघडतं ते चारही दिवस तीच फिर्याद लिहिली की. "त्यांनी मला करू दिलं नाही" हे वाक्य पहिल्या दिवशी यायलाच हवं. चौथ्या दिवशीही ते जसंच्या तसं असेल, तर लेखन शोकाकडून उगाळण्याकडे वळलंय. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "आता लक्षात येतं" अशा जोडणाऱ्या शब्दांची भर पडते, त्यांना जास्त फायदा होतो असं त्या संशोधनात दिसलं. लेखापरीक्षकाच्या वहीत ते असं उतरेल: "मला नाही म्हणता आलं नाही, कारण बाबांचं गप्प बसणं मला रागावण्यापेक्षा भीतिदायक वाटायचं." यातही दोष देणं आहे, पण गोष्ट पुढे सरकलेली आहे.

या चार दिवसांत आईवडिलांना जाब विचारायला जाऊ नये. त्यांना तो हल्ला वाटतो, ते बचावाला उभे राहतात आणि मूळ दुःख बाजूलाच पडतं. राजीनामाही देऊ नये. मात्र झोप-भूक बिघडणं आणि कशातच रस नसणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालू असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावं. ते नैराश्य असू शकतं.

बंद पडलेल्या तुकड्यासाठी तीन महिन्यांचा, नवशिक्यांचा वर्ग पुरे. बरोबरीच्या वयाचे लोक असतील तर उत्तम, कारण वीस वर्षांच्या मुलींशेजारी पहिल्याच दिवशी उभं राहिलं की गेलेल्या तुकड्याची जखम उघडते आणि वर्ग सुटतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळा येईल. तो आला म्हणून पळू नये. कल्पनेतल्या नृत्यात कंटाळा नव्हता, खऱ्या नृत्यात असतो, आणि तो सोसूनही पुढच्या वर्गाला जावंसं वाटतं का, याचं उत्तर तिला एकविसाव्या वर्षी मिळायला हवं होतं. ते "नाही" असं आलं तरी चालेल.