साठ दिवस आणि एक व्हॉट्सअ‍ॅप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा करार २०२१ मध्ये मीच लिहिला होता, म्हणून हे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. काकांनी त्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पैसे घातले. बदल्यात पुट ऑप्शन घेतला: ठरल्या वेळी त्यांनी शेअर विकायचे म्हटलं की मालकाने ठरल्या सूत्राने ते घ्यायचेच. मालकाकडे उलटा हक्क होता, कॉल. तो त्याने कधी वापरला नाही.

परवाच्या बैठकीत समोरच्या वकिलांनी आधी जुनाच बाण काढला, ‘शेअरवरचा ऑप्शन म्हणजे सट्टा, रोखे व्यवहारांच्या १९५६ च्या कायद्यात बसत नाही.’ सेबीने ३ ऑक्टोबर २०१३ ला भागधारक करारातल्या अशा कलमांना वाट करून दिली आहे. विकणाऱ्याकडे शेअर सलग वर्षभर हवेत, किंमत कायद्यात बसायला हवी आणि शेअर खरोखर हाती द्यायला हवेत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पुट ऑप्शन अंमलात आणता येतो असं म्हटलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, आपलं उच्च न्यायालय कर्नाटकाचं, खंडपीठ धारवाडला. पण वजन आहेच. वकील गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी पान ९ उघडलं. हिशेबांवर सही झाल्यापासून ६० दिवसांत नोटीस ‘नोंदणीकृत पत्त्यावर पोहोचली पाहिजे’. सही २८ ऑगस्टची, म्हणजे मुदत २७ ऑक्टोबरला संपली. काकांनी २७ ला संध्याकाळी स्पीड पोस्ट केलं, ते ३० ला पोहोचलं. ‘पोहोचली’ हा शब्द माझाच, पुण्याच्या एका जुन्या मसुद्यातून उचललेला. ‘पाठवली’ लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. कर्जफेडीत कोर्ट उशीर एकवेळ समजून घेतं, ऑप्शनमध्ये नाही. ऑप्शन ही सवलत आहे. मुदतीतच वापरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणावर सांगून ठेवलंय.

काका म्हणाले, ‘अरे, मी २४ तारखेलाच त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं की!’

फोन पाहिला. ‘माझे शेअर घे, कराराप्रमाणे.’ खाली मालकाचं उत्तर: ‘होय काका, हिशेब करतो. कागद सावकाश पाठवा.’

त्या ‘सावकाश’वर मी रात्रभर बसलो. ज्याच्या फायद्यासाठी अट आहे तो ती सोडून देऊ शकतो, करार कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. पण आमच्याच करारात आहे की सूट लेखी हवी. आयटी कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदही लेखी ठरते, पण लवाद ‘सावकाश’ म्हणजे मुदतीनंतर असं वाचेल की नुसतं आदबीचं बोलणं मानेल, हे ठरवणं माझ्या हातात नाही.

काकांना सांगितलंय, फोन बदलू नका, चॅट पुसू नका. त्यांची सून म्हणते, तो फोन गेल्या महिन्यातच दुरुस्तीला दिला होता.