आठवीतल्या मुलीचं स्नेहसंमेलनाचं भाषण मी कसं संपादित केलं

वेळ तीन मिनिटांची होती आणि वहीतला मजकूर साडेचारशे शब्दांच्या वर गेला होता. स्टेजवर मुलं शांतपणे, विराम घेत बोलली की मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे तीनशे शब्द उरायला हवे होते. आधी कात्री लावली ती पाठ्यपुस्तकातल्या सुविचाराला, उसन्या चारोळीला आणि कार्यक्रमांच्या यादीला. ती यादी सूत्रसंचालक वाचतोच.

सुरुवात नेहमीचीच होती: "आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय प्रमुख पाहुणे, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." हे म्हणेपर्यंत पंधरा सेकंद जातात आणि मांडवातल्या गप्पा चालूच राहतात, कारण यात ऐकण्यासारखं काही नसतं. "मॅडम, सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. म्हणूनच ते काढायचं होतं.

दमदार पहिलं वाक्य बाहेरून आणावं लागत नाही. बहुतेक वेळा ते मजकुरातच कुठेतरी दडलेलं असतं. इथे ते चौथ्या परिच्छेदात सापडलं: "आमच्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरण्यात येतो." 'वापरण्यात येतो' काढलं, शब्द फिरवले आणि वाक्य झालं: "आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा." मराठी वाक्य सहसा क्रियापदावर संपतं आणि 'आहे', 'येतो' म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. इथे शेवटचा शब्द 'तुकडा' आहे. तो खणखणीत म्हणता येतो आणि मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

तरीही हे वाक्य अगदी सुरुवातीला ठेवलं नाही. आधी फक्त "नमस्कार." त्यात माइक सुरू आहे का ते कळतं, स्वतःचा आवाज कानावर येतो आणि लोक मान वर करतात. मग मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि घंटेचं वाक्य. मान्यवरांचा उल्लेख त्यानंतर, एका श्वासात मावेल एवढाच. शाळेने नावं घ्यायलाच सांगितली तर तीही इथेच घ्यावीत.

लय बिघडवत होती ती लांब वाक्यं. एक वाक्य असं होतं: "शिपाई मामा यांच्याकडून दररोज सकाळी ठीक अकरा वाजता वाजवल्या जाणाऱ्या या घंटेच्या आवाजाने आमच्या दिवसाची सुरुवात होत असते." हे एका श्वासात मावत नाही. मग श्वास संपेल तिथे मूल थांबतं, म्हणजे 'घंटेच्या' आणि 'आवाजाने' यांच्या मधेच. चा, ची, च्या यांच्यानंतर थांबलं की अर्थ तुटतो, हा नियम मी तिच्या वहीच्या वरच लिहून दिला. ते वाक्य मग असं केलं:

रोज अकराला मामा टोल देतात. //
तो आवाज वेशीपर्यंत जातो. /
आणि वेशीपर्यंत आलेली मुलं दप्तर सावरत धावत सुटतात. //

दोन लहान, एक मोठं. एक रेघ म्हणजे मनात 'एक', दोन रेघा म्हणजे 'एक, दोन'. शेवटच्या दोन रेघा हसण्यासाठी आहेत. हशा आला तर तो ओसरू लागेपर्यंत थांबायचं. आला नाही तर 'दोन' झाल्यावर पुढे जायचं. सगळं भाषण असं एका ओळीत एक वाक्य, ठळक अक्षरात उतरवलं आणि पान उलटताना वाक्य तुटणार नाही एवढं पाहिलं.

पाठांतरात एक धोका असतो. मुलं मजकूर साखळीसारखा घोकतात आणि एक कडी निसटली की पुढचं सगळंच जातं. म्हणून भाषणाचे पाच तुकडे केले आणि प्रत्येकाचा खुणेचा एक शब्द तळहाताएवढ्या कार्डावर लिहिला: घंटा, मामा, पाऊस, मैदान, निरोप. तुकडे उलटसुलट क्रमाने म्हणून घेतले. कुठूनही उचलता आलं, तेव्हाच पाठ झालं असं धरलं.

तालीम वर्गात नाही, मैदानावर घेतली. एक मैत्रीण शेवटच्या रांगेच्या जागी उभी राहिली आणि वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही की हात वर करायची. हात बहुतेक वेळा 'होता', 'होती'वर वर जात होता. तिथे आवाज वाढवायला सांगितलं की मुलं ओरडतात. त्यापेक्षा क्रियापदाच्या आधीचा शब्द जरा सावकाश म्हणायला सांगितलं. श्वास शेवटपर्यंत पुरला आणि हात खाली राहिला.

शेवटचं "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" काढलं. त्या जागी: "उद्या अकराला / पुन्हा टोल पडेल. // जय हिंद, जय महाराष्ट्र!" मग एक पाऊल मागे. टाळ्या वाजवायच्या आहेत हे लोकांना त्या पावलावरून कळतं.