तू जेव गं

रात्रीचे साडेअकरा. भांडी आवरून बसले, तरी जेवतानाचं ते वाक्य कानातून जात नाही. "तू जेव गं." दादा रागावून बोलला नाही, उलट मायेनंच म्हणाला. ते जास्त लागलं.

विषय निघाला तो ओवीच्या वाढदिवसावरून. वर्ष झालं तरी ती एक शब्द नीट बोलत नाही, म्हणून वहिनी हळवी झाली होती. कुणी म्हणालं, शब्दात फार ताकद असते. त्यावर दादा, "बायबलातला देव नुसतं बोलतो आणि जग होतं. आपल्याकडे अंडं फुटावं लागतं. ते तत्त्वज्ञान, ही आपली आजीची गोष्ट." सगळे हसले. मी म्हटलं, "अरे दादा, शतपथ ब्राह्मणात तर..." आणि पुढचं तुम्हाला कळलंच. वाईत राहायचं, इतकी वर्षं हे वाचायचं, आणि घरच्या ताटावर एक वाक्य पुरं करता येऊ नये. मुलं घरी असती तर... जाऊ दे.

मला एवढंच सांगायचं होतं की आपल्याकडच्या त्या एकाच गोष्टीत अंडंही आहे आणि शब्दही. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या अकराव्या कांडात आहे. आधी नुसतं पाणी. पाण्याला वाटलं, आपल्यापासून काही जन्मावं. त्यानं तप केलं, तापलं आणि सोन्याचं अंडं झालं. ते वर्षभर तरंगत राहिलं. वर्षानं त्यातून प्रजापती झाला, म्हणून बाई, गाय, घोडी वर्षाच्या आत वितात, असं तिथेच म्हटलंय. त्यानं अंडं फोडलं. पण पाय टेकायला जागाच नाही! मग तेच अंडं त्याला घेऊन आणखी एक वर्ष तरंगलं.

आणि त्या वर्षाच्या शेवटी त्याला बोलावंसं वाटलं. "भूः" म्हणाला, ही पृथ्वी झाली. "भुवः" म्हणाला, अंतरिक्ष झालं. "स्वः" म्हणाला, आकाश झालं. म्हणजे अंड्यातून जग आलं नाही, बोलणारा आला. जग आलं ते बोलण्यातून.

छांदोग्य उपनिषदात मात्र उलट आहे. तिथे टरफलाचेच दोन भाग होतात, चांदीचा भाग पृथ्वी आणि सोन्याचा आकाश. वरच्या जाड पापुद्र्याचे डोंगर, आतल्या पातळ पापुद्र्याचे मेघ आणि धुकं, शिरांच्या नद्या, आणि जन्मतो तो सूर्य. कुणाला शब्द उच्चारून काही घडवावं लागत नाही. फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातही तसंच. पाण्यात तरंगणाऱ्या इल्मातार या वायुकन्येच्या गुडघ्यावर पक्षीण अंडी घालते, ऊब चढून गुडघा भाजतो, ती पाय हलवते, अंडी पाण्यात पडून फुटतात. खालचा तुकडा जमीन, वरचा आकाश, पिवळा बलक सूर्य, पांढरा चंद्र. तिथे जग चुकून सांडतं. दादाची "अंड्याची गोष्ट" ही एकच गोष्ट नाहीच मुळी.

बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातही पहिल्या शब्दाआधी अंधार आहे आणि पाणी आहे. पण तिथला बोलणारा पाण्याच्या वर आहे. त्याला जागा लागत नाही, थांबावं लागत नाही. "उजेड होवो" म्हटलं की उजेड, सूर्य तर चौथ्या दिवशी. आमचा प्रजापती पाण्यातच आहे, टरफलावर बसलाय, उभं राहायलाही जग नाही. त्यालाच उभं राहायला जागा हवी, म्हणून तो बोलतो असं मला वाटतं. आणि मग तो त्या तिन्ही जगांवर खरोखर उभा राहतो. यातला कुठला देव मोठा, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. एक हुकूम देतो, दुसरा आधार शोधतो, आणि मला दुसरा जवळचा वाटतो.

हे सांगायचं होतं. मध्येच तोडलं. पुन्हा तेच मनात येतंय. पण लिहिता लिहिता शतपथातलीच पुढची एक ओळ समोर आली, आणि ती तर वहिनीसाठीच होती. मूल वर्षाच्या शेवटी बोलू पाहतं, कारण प्रजापती वर्षानं बोलला. ते पहिल्यांदा एकाक्षरी, दोनाक्षरी बोलतं, कारण तोही तसंच बोलला. आणि वर्षाच्या शेवटी उभं राहू पाहतं, कारण तोही तेव्हाच उभा राहिला. ओवी आज टेबल धरून उभी होती आणि "बा, बा" करत होती. कुणी मोजलंच नाही ते.

दादा आहेच असा. मोठा भाऊ म्हणूनच सारं आयुष्य गेलंय, ऐकून घ्यायची सवय नाही, आणि या वयात ती लावायची घाई मला नाही. हे सगळं आधी वहिनीलाच सांगायला हवं होतं. उद्या सकाळी फोन करून तिलाच सांगते, सोन्याच्या अंड्यापासून सुरुवात करून. दादा शेजारी असला तर ऐकेल.